एक्स्पायरीची सरळ रेघ आणि त्याआधीची वक्ररेषा

ऑप्शनच्या अनेक लेग एकत्र घेतल्या की नफातोटा डोक्यात मांडणं अवघड जातं. म्हणून लोक स्प्रेडशीटकडे वळतात. बहुतेकांचा तक्ता फक्त एक्स्पायरीच्या दिवसाचा असतो, आणि तो करायला सोपाही आहे. प्रत्येक लेगला एक ओळ द्यायची. A मध्ये कॉल असेल तर १ आणि पुट असेल तर −१, B मध्ये संख्या (विकला असेल तर उणे), C मध्ये स्ट्राइक, D मध्ये प्रीमियम. H मध्ये खाली खाली बाजारभाव लिहायचे आणि शेजारी सगळ्या लेगची बेरीज घ्यायची:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5*(
 ($A$2:$A$5*($H2-$C$2:$C$5)>0)
 *($A$2:$A$5*($H2-$C$2:$C$5))
 -$D$2:$D$5))
```

इथे MAX वापरायचा मोह होतो, पण तो सगळ्या लेगमधून एकच सर्वांत मोठा आकडा काढून देतो आणि बेरीज बिघडते. म्हणून 'शून्याहून मोठं आहे का' या तपासणीनेच गुणायचं.

एक साधा बुल कॉल स्प्रेड घेऊ. भाव १००, मुदत ३० दिवस. १०० चा कॉल २.२९ ला घेतला आणि १०५ चा ०.६५ ला विकला. खिशातून गेले १.६४. तक्ता सांगतो की १०० किंवा त्याखाली पूर्ण १.६४ तोटा, १०१.६४ ला बरोबरी आणि १०५ पासून वर ३.३६ नफा.

आता पंधरा दिवसांतच भाव १०५ झाला तर? पोझिशन मोडून ३.३६ मिळतील अशी समजूत असेल, तर हाती त्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त येईल. विकलेल्या १०५ च्या कॉलमध्ये अजून वेळेची किंमत शिल्लक आहे, आणि ती तुम्हाला परत विकत घ्यावी लागते. ती किंमत मोजायला ब्लॅक आणि शोल्स यांचं १९७३ मधलं सूत्र पुरतं. S हा भाव, K स्ट्राइक, T वर्षांतली उरलेली मुदत, v व्होलॅटिलिटी, r व्याजदर आणि w म्हणजे तोच A मधला १ किंवा −१:

```
d1 = (LN(S/K)+(r+v^2/2)*T)/(v*SQRT(T))
d2 = d1-v*SQRT(T)
w*(S*NORM.S.DIST(w*d1,TRUE)
 -K*EXP(-r*T)*NORM.S.DIST(w*d2,TRUE))
```

w मुळे कॉल आणि पुटला वेगळी सूत्रं लागत नाहीत. T काढायला एक्स्पायरीची तारीख E मध्ये ठेवा, 'बघायची तारीख' एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा आणि फरकाला ३६५ ने भागा. T शून्य झाला की #DIV/0! येतो, तेव्हा IF लावून त्या क्षणी वरचंच आंतरिक मूल्य घ्या.

व्याज शून्य आणि व्होलॅटिलिटी २० टक्के धरली, तर १५ दिवस उरले असताना १०५ भावाला १०० चा कॉल ५.२३ आणि १०५ चा कॉल १.७० भरतो. फरक ३.५३, नफा १.८९. उलट भाव १०० वरच थांबला असेल तर तोटा फक्त ०.२५ दिसतो. वक्ररेषा दोन्हीकडे एक्स्पायरीच्या रेघेपेक्षा सौम्य असते.

तक्ता बरोबर आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे. बघायची तारीख आजची आणि भाव आजचाच ठेवला, तर नफातोटा शून्य यायला हवा. समजा १०५ चा कॉल बाजारात ०.५० लाच विकला गेला. तरी तुम्ही दोन्ही लेगना २० टक्केच दिले, तर तक्ता पहिल्याच दिवशी ०.१५ तोटा दाखवेल. बाजार प्रत्येक स्ट्राइकला सहसा वेगळी व्होलॅटिलिटी देतो. उपाय असा: F मध्ये प्रत्येक लेगची स्वतःची v ठेवा आणि Goal Seek वापरून सूत्राची किंमत दिलेल्या प्रीमियमइतकी येईपर्यंत ती बदला.

कॅलेंडर स्प्रेडमध्ये पहिला तक्ता तर चक्क खोटं सांगतो. एकाच स्ट्राइकचा ६० दिवसांचा कॉल घेतला आणि ३० दिवसांचा विकला, तर आंतरिक मूल्यं एकमेकांना खाऊन टाकतात आणि सगळ्या भावांना सारखाच तोटा दिसतो. अशी आडवी रेघ दिसली की समजा, लांबची लेगही संपली असं धरलं गेलंय. जवळच्या लेगची एक्स्पायरी ही बघायची तारीख ठेवा, म्हणजे लांबच्या लेगचा T ३० दिवस उरतो आणि स्ट्राइकपाशी टेकडी उभी राहते.

पुढच्या तारखेची v मात्र कुणालाच ठाऊक नसते. म्हणून सगळ्या लेगच्या v मध्ये मिळवायचा एक वेगळा सेल ठेवावा. वरच्या स्प्रेडमध्ये १५ दिवस उरले असताना त्यात १० टक्के मिळवून बघा, १०५ भावाचा नफा १.८९ वरून १.५६ वर येतो, तर १२० च्या आसपास तो जवळजवळ हलतच नाही.