बॅरिएट्रिक सर्जरीनंतरची तांब्याची कमतरता: ॲनिमिया आणि बधिर पायांचा तपास

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन काही वर्षं झालेला पेशंट थकवा, कमी हिमोग्लोबिन आणि बधिर पाय घेऊन येतो तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात पहिलं नाव बी १२ चं येतं, आणि ते बरोबरच आहे. पण बी १२ नॉर्मल निघालं किंवा इंजेक्शनं देऊनही फरक पडला नाही तर पुढचं नाव तांब्याचं, म्हणजे कॉपरचं, आणि इथेच गाडी अडकते. कारण रक्त बघणारे रक्ताकडे बघतात, नसा बघणारे पायाकडे, आणि दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे हे जोडायला कुणी मोकळं नसतं.

तांबं मुख्यतः जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्नाची वाट नेमकी तिथूनच वळवलेली असते आणि ॲसिडही कमी मिळतं, त्यामुळे धोका बायपासमध्ये जास्त, जठर कापून लहान करणाऱ्या स्लीव्हमध्ये त्यामानाने कमी. शरीरात थोडा साठा असतो म्हणून त्रास लगेच दिसत नाही, बऱ्याचदा काही वर्षांनी दिसतो, तोपर्यंत पेशंट ऑपरेशनचं सांगायलाही विसरलेला असतो. म्हणून हिस्ट्री घेताना ऑपरेशन झालंय का एवढंच नाही, तर नक्की कोणतं आणि कधी, हे विचारायचं.

दुसरा प्रश्न झिंकचा, आणि माझ्या मते सगळ्या तपासात सगळ्यात जास्त वसूल होणारा प्रश्न हाच. ऑपरेशननंतर केस गळतात, मग लोक स्वतःहून झिंकच्या गोळ्या सुरू करतात आणि ते औषध आहे असं त्यांना वाटतच नाही, त्यामुळे "कोणती औषधं चालू आहेत" ला उत्तर "काही नाही" येतं. जास्त झिंक आतड्याच्या पेशींमध्ये मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन वाढवतं, हे प्रोटीन झिंकपेक्षा तांब्याला जास्त घट्ट धरतं, आणि त्या पेशी गळून पडल्या की तांबंही त्यांच्यासोबत बाहेर. म्हणजे आधीच अरुंद झालेली वाट झिंकने आणखी बंद केली. कवळी चिकटवायच्या काही क्रीममध्येही झिंक असतं, तेही विचारावं.

एक काल्पनिक केस घेऊ. वय ४६, बाई, गॅस्ट्रिक बायपासला ६ वर्षं झालेली. वर्षभर पायांना मुंग्या, आता गादीवर चालल्यासारखं वाटतं, आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. ही शेवटची तक्रार फार बोलकी आहे, कारण पाय कुठे आहेत हे मेंदूला कळत नाही, डोळे ती उणीव भरून काढत असतात, आणि डोळे मिटले की तो आधार गेला. तपासणीत पायाच्या अंगठ्याजवळ ट्यूनिंग फोर्कचं कंपन कळत नाही, घोट्याचा रिफ्लेक्स नाही पण गुडघ्याचा उलट जोरात, आणि तळपायावर रेघ ओढली की अंगठा वर जातो. नुसती पायाच्या नसांची झीज असती तर गुडघ्याचा रिफ्लेक्स जोरात नसता आला. म्हणजे नसा आणि मणक्यातला मज्जारज्जू, दोन्हीला मार बसलाय.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ८.६, लाल पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही ९८, प्लेटलेट नॉर्मल, पण पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल फक्त ८००. ह्या आकड्यावर थांबायचं. नुसत्या लोहाच्या कमतरतेत न्यूट्रोफिल असे पडत नाहीत. लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने चालू, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन १८०, तरी हिमोग्लोबिन हलत नाही, कारण साठ्यातलं लोह बाहेर काढून वापरायला जी एन्झाइम लागतात ती तांब्यावर चालतात, माल गोदामात आहे पण दार उघडत नाही. एमसीव्हीवर मात्र भरवसा ठेवू नका, तांब्याच्या कमतरतेत पेशी लहान, मध्यम, मोठ्या कशाही असू शकतात.

बी १२ इथे ४२०. इंजेक्शन घेणाऱ्या माणसात हा आकडा फारसं सांगत नाही, म्हणून मिथाइलमॅलॉनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन पण करतात, आणि दोन्ही नॉर्मल आले तर बी १२ वरचा संशय बराच मागे पडतो (किडनी कमजोर असेल तर ही दोन्ही तशीही वाढलेली दिसू शकतात). फोलेट, बी १ आणि व्हिटॅमिन ई त्याच वेळी बघून घ्यावं, ह्या पेशंटमध्ये कमतरता जोडीने येतात, आणि बी १२ कमी निघालं म्हणजे तांबं नॉर्मल असेल असं अजिबात नाही. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी रेघ दिसू शकते, पण बी १२ च्या कमतरतेतही हुबेहूब तशीच दिसते, आणि एमआरआय साफ आला म्हणून तांबं सुटत नाही.

आता मुख्य टेस्ट. सीरम कॉपर, सेरुलोप्लाझ्मिन, सीरम झिंक आणि सोबत अंगातली सूज दाखवणारं सीआरपी, सगळं एकाच वेळी, ट्रेस एलिमेंटसाठीच्या खास ट्यूबमध्ये. आपल्या केसमध्ये कॉपर १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर (साधारण ७० ते १४० नॉर्मल), सेरुलोप्लाझ्मिन ५ मिलिग्रॅम (साधारण २० च्या वर हवं), झिंक वाढलेलं. झिंकचं परत विचारल्यावर कळलं, केसांसाठी रोज ५० मिलिग्रॅम, दोन वर्षं.

एवढे कमी आकडे असले की प्रश्न नाही, गोंधळ सीमेवरच्या आकड्यांत होतो. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनला चिकटलेलं असतं आणि ते प्रोटीन इन्फेक्शन, सूज, प्रेग्नन्सी, इस्ट्रोजेनच्या गोळ्या ह्या सगळ्यात वाढतं. म्हणजे कमतरता असलेल्या माणसाला ताप असताना रक्त काढलं तर रिपोर्ट "नॉर्मल" येऊ शकतो. सीआरपी सोबत लागतं ते ह्यासाठी, आणि ते वाढलेलं असेल तर बरं वाटल्यावर टेस्ट परत करावी. उलट बाजूने, शरीरात तांबं साठत जाणाऱ्या विल्सन आजारातही रक्तातलं कॉपर आणि सेरुलोप्लाझ्मिन कमी दिसतं, पण तिथे २४ तासांच्या लघवीत तांबं जास्त जातं, इथे कमी. हा फरक न बघता उपचार केले तर दोन्हीकडे उलटं होईल.

बोन मॅरो करायची घाई मात्र नको. त्यात पेशींमध्ये पोकळ्या आणि रिंग सिडरोब्लास्ट दिसतात, आणि चित्र मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम ह्या बोन मॅरोच्या गंभीर आजारासारखं वाटून काही पेशंटवर तो शिक्का बसतो. एक रक्ताची टेस्ट आधी केली असती तर ते टळलं असतं.

उपचारात झिंक बंद, आणि तांबं चालू. नसांवर एवढा परिणाम असेल तर साधारण रोज २ ते ४ मिलिग्रॅम शिरेतून सहाएक दिवस, मग तोंडाने. सौम्य असेल तर तोंडाने रोज ३ ते ८ मिलिग्रॅम. पुढे झिंक लागलंच तर दर ८ ते १५ मिलिग्रॅम झिंकमागे १ मिलिग्रॅम तांबं हा हिशोब ठेवतात. न्यूट्रोफिल आणि हिमोग्लोबिन साधारण ४ ते १२ आठवड्यांत सुधारतात, आणि सुधारले नाहीत तर निदानाकडे परत बघावं, किंवा शरीरात उरलेल्या झिंकने अजून वाट अडवली आहे का तेही. पायांचं असं नाही, त्रास वाढायचा थांबतो, काहींना थोडं बरं वाटतं, पण आलेला बधिरपणा पुष्कळदा तसाच राहतो. आपल्या केसमधल्या बाईचं हिमोग्लोबिन दोन महिन्यांत ११.८ झालं, न्यूट्रोफिल २६००, आणि तोंड धुताना मात्र सहा महिन्यांनंतरही बेसिन धरूनच उभं राहावं लागत होतं.