टीएफ-आयडीएफ: दुर्मीळ शब्दाचं वजन

टीएफ-आयडीएफ म्हणजे एखादा शब्द एखाद्या मजकुरासाठी किती कामाचा आहे ते आकड्यात सांगायची पद्धत. शब्द त्या मजकुरात किती वेळा आला (टीएफ) आणि सगळ्या साठ्यात तो किती दुर्मीळ आहे (आयडीएफ), या दोघांचा गुणाकार. यातली दुर्मीळपणाची बाजू कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली.

```
tf × log10(N / df)
```

N म्हणजे एकूण मजकूर, df म्हणजे त्यातल्या किती मजकुरांत तो शब्द आहे.

समजा नागपुरातल्या खाण्यापिण्यावर १००० नोंदी आहेत. ‘आहे’ सगळ्यांतच येतो, म्हणून log(1000/1000) म्हणजे शून्य, मग तो पन्नासदा लिहा नाहीतर पाचशेदा, शून्यच. ‘नागपूर’ ८०० नोंदींत आहे, त्याला ०.०९७. ‘पोहे’ १०० नोंदींत, त्याला १. ‘तर्री’ फक्त १० मध्ये, तिला २. आता कुणी ‘नागपूर तर्री पोहे’ शोधलं. एका नोंदीत नागपूर बारा वेळा, पोहे एकदा आणि तर्रीचा पत्ताच नाही: १.१६ अधिक १, झाले २.१६. दुसरीत नागपूर एकदाच, पण पोहे दोनदा आणि तर्री दोनदा: ०.०९७ + २ + ४, म्हणजे जवळपास ६.१. दुसरी वर येते, आणि यायलाच पाहिजे, कारण जो शब्द सगळीकडेच आहे तो एका नोंदीला दुसरीपासून वेगळं काढूच शकत नाही.

हे वजन शब्दाला चिकटलेलं नसतं, साठ्यावर ठरतं. ‘सावजी’ देशभरच्या नोंदींत भारी पडेल, पण फक्त सावजी भोजनालयांच्या यादीत त्याची किंमत ‘आहे’ एवढीच. आणि दुर्मीळ म्हणजे महत्त्वाचं असंही नाही बरं का, कुणी घाईत ‘तरर्री’ टाइप केलं तर ते एकाच नोंदीत सापडतं आणि ३ वजन घेऊन खऱ्या तर्रीच्याही वर बसतं. ‘तर्रीचे’, ‘तर्रीवाले’ हेही वेगळेच शब्द मोजले जातात, प्रत्यय काढला नाही तर.

मराठीत खरी गोची मात्र हिशोबाच्या आधीच होते. पायथनच्या scikit-learn मध्ये `TfidfVectorizer` जसाच्या तसा वापरला तर तो काना-मात्रा-वेलांटीवर आणि जोडाक्षरातल्या हलन्तावर शब्द तोडतो आणि एका अक्षराचे तुकडे फेकून देतो, म्हणजे ‘तर्री’चं ‘तर’ उरतं, ‘नागपूर’चं ‘गप’, आणि ‘पोहे’ तर गायबच. एरर काही येत नाही, निकाल फक्त विचित्र दिसतात. `get_feature_names_out()` छापून पाहिलं की लगेच कळतं. तोडायचा नियम बदलला की शब्द अख्खे राहतात, विरामचिन्हं आधी काढून टाकायची तेवढी:

```
TfidfVectorizer(token_pattern=r"\S+")
```

याचा आयडीएफ थोडा वेगळा असतो, शेवटी १ मिळवतात, म्हणून इथे ‘आहे’ला शून्य नाही तर १ मिळतो.