कृपादानांवरचा उपदेश

"मला गाता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही, मी काय देणार" असं म्हणणाऱ्या साध्या सभासदाला सेवेत आणण्यासाठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दिला जाणारा, देवाने प्रत्येकाला सेवेसाठी दिलेल्या देणग्यांवरचा उपदेश.

याचा मुख्य आधार म्हणजे पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय १२. हे पत्र साधारण इ.स. ५३ ते ५५ च्या दरम्यान इफिसहून लिहिलं गेलं असावं. त्यात पौल मंडळीला शरीर आणि सभासदांना अवयव म्हणतो. वचन १५ मध्ये पाय म्हणतो, मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही. इथे पायाला कोणी हाकललेलं नाही, तो स्वतःच स्वतःला वजा करतोय, आणि "तुझी गरज नाही" म्हणणारा डोळा नंतर वचन २१ मध्ये येतो. ही दोन दुखणी वेगळी आहेत, उपदेशात ती सर्रास एकत्र होतात आणि मग लाजणाऱ्या माणसाला गर्विष्ठाचं औषध मिळतं. शरीराचा दाखला पौलाच्या आधीचा आहे, रोमन इतिहासकार लिव्हीकडे मेनेनियस अग्रिप्पा तोच सांगून रुसलेल्या सामान्य लोकांना परत आणतो, पण तिथे पोटाची, म्हणजे सत्ताधाऱ्यांची बाजू घेतलीय. पौल दुबळे वाटणारे अवयवच जास्त गरजेचे म्हणतो.

खरा वाद इफिसकरांस पत्र ४:१२ वर आहे (हे पत्र पौलाचंच का, यावरही मतभेद आहेत). पाळक आणि शिक्षक कशासाठी दिले? पवित्र जनांना तयार करण्यासाठी, सेवेच्या कामासाठी, ख्रिस्ताचं शरीर उभारण्यासाठी, असा मजकूर आहे. पहिल्या दोहोंच्या मधे स्वल्पविराम ठेवला तर सेवा पाळकांची ठरते, काढला तर पाळक तयार करतात आणि सेवा सगळे करतात. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अशी विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे निर्णय व्याकरणावर येतो: पहिल्या शब्दाआधी एक अव्यय, पुढच्या दोघांआधी दुसरंच, म्हणजे तिन्ही गोष्टी एका रांगेतल्या दिसत नाहीत. किंग जेम्स भाषांतरात स्वल्पविराम आहे, रिवाइज्ड स्टँडर्डच्या १९४६ च्या नव्या करारात तो होता, १९७१ च्या आवृत्तीत काढला. विरोधी मताचे अभ्यासक अजूनही आहेत, पण स्वल्पविराम नसलेलं वाचन जास्त पटतं आणि हा उपदेश त्यावरच उभा राहतो.

उपदेश फसतो तो बहुतेक शेवटी, जेव्हा पाळक रिकाम्या जागांची यादी वाचतात आणि ऐकणाऱ्याला कळतं की आपलं दान कोणी बघितलंच नाही, फक्त माणूस कमी पडत होता. त्यापेक्षा प्रेषितांची कृत्ये ९ मधली यापोची टबीथा घ्यावी. ती शिकवत होती असं कुठे लिहिलेलं नाही, तरी नव्या करारात "शिष्य" या ग्रीक शब्दाचं स्त्रीलिंगी रूप फक्त तिच्यासाठीच आलंय. ती वारल्यावर पेत्र माडीवर येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती उभ्या राहतात आणि तिने जिवंतपणी शिवलेले अंगरखे आणि कपडे त्याला दाखवतात.