जीवनहक्क करार (हयात व्यक्तीवरील चरित्रपट, बेळगाव सीमाभाग)

हयात व्यक्तीच्या आयुष्यावर चित्रपट काढण्यापूर्वी निर्माता तिच्याशी जो लेखी करार करतो, त्याला जीवनहक्क करार म्हणतात. स्वतःच्या आयुष्याची मालकी देणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. त्यामुळे हा करार म्हणजे खासगी गोष्टी दाखवण्याची संमती, दावा न करण्याची हमी आणि आठवणी, फोटो, पत्रे पुरवण्याचे वचन.

राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू (1994) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लग्न, कुटुंब, मुलेबाळे अशा खासगी बाबी संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत. सार्वजनिक नोंदींतली माहिती मात्र घेता येते. सीमाभागात ही रेषा फार कामाची ठरते. खानापूर तालुक्यातला एखादा निवृत्त पैलवान सीमा आंदोलनात तुरुंगात गेला असेल, तर खटल्याच्या कागदपत्रांतली अटक दाखवायला त्याची सही लागत नाही. त्या रात्री घरात बायकोशी झालेले भांडण दाखवायचे तर लागते, आणि तीही त्याच्या एकट्याची पुरत नाही.

चुका इथेच होतात. पैलवान फक्त स्वतःपुरती संमती देऊ शकतो. बायको, भाऊबंद, वस्ताद, फितूर ठरवलेला जुना सोबती यांच्या वतीने तो सही करू शकत नाही. त्या सोबत्याचे नाव बदलले, पण गाव, तालीम आणि घटना तीच ठेवली, तर गावातला कोणीही त्याला ओळखतो आणि बदनामीचा दावा उभा राहू शकतो. पटकथा वाचताना प्रत्येक हयात पात्रापुढे एक खूण करावी: संमती आहे, नोंदीत आहे, की दोन्ही नाही. तिसऱ्या गटातले प्रसंग बदलावे लागतात.

समजा, निर्माता पुण्याचा आहे. तो आधी 18 महिन्यांसाठी 50 हजार रुपये देऊन हक्क राखून ठेवतो आणि चित्रीकरण सुरू होताना 5 लाख देण्याचे ठरते. मसुदा इंग्रजीत, पैलवान मराठी शाळेत शिकलेला. अशा वेळी मराठी प्रत जोडावी आणि कोणी, कधी वाचून दाखवली हे करारातच लिहावे. नाहीतर ‘मला कळलंच नाही’ हा आक्षेप पुढे खोडणे अवघड जाते. कन्नड डबिंगची परवानगी वेगळ्या कलमात मागावी, कारण मोर्चातल्या घोषणेचा एक शब्द बदलला तरी इथे त्याचा राजकीय अर्थ बदलतो. सही बेळगावात झाली तर कर्नाटकचा मुद्रांक लागतो, कोल्हापुरात झाली तर महाराष्ट्राचा.

सही झाली म्हणजे सगळे मिटले, असेही नाही. फूलनदेवींनी आधी लेखी करार केला होता. तरी 1994 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या आक्षेपावरून त्यांच्यावरील चित्रपटाचे प्रदर्शन अंतरिम आदेशाने रोखले. नंतर तडजोड झाली. म्हणून लैंगिक अत्याचार, आजार, जात यांचे प्रसंग करारात एकेक करून नमूद करावेत आणि अंतिम पटकथा त्या व्यक्तीला वाचायला द्यावी. तिला नकाराधिकार द्यायचा की फक्त मत नोंदवण्याचा हक्क, हेही तिथेच स्पष्ट लिहावे.