फ्रेंचमध्ये निमंत्रण नाकारण्याची रीत

परिषदेचे किंवा जेवणाचे बोलावणे फ्रेंच भाषेत नाकारताना पाळली जाणारी लेखी व तोंडी पद्धत. या पद्धतीत नकार स्पष्टच असतो, पण तो एका क्रमाने येतो. आधी आभार, मग येण्याची इच्छा, त्यानंतर अडचण आणि शेवटी संबंध पुढे चालू ठेवणारे एखादे वाक्य. या चारांपैकी इच्छेचे वाक्य सर्वांत मोलाचे. आभारानंतर थेट अडचणीवर उडी मारली तर व्याकरण निर्दोष असूनही पत्र कोरडे वाटते.

इच्छा व्यक्त होते ती मुख्यतः क्रियापदाच्या रूपातून. ‘झेमरे ब्यँ व्हनीर’ म्हणजे ‘मला यायला आवडेल’. हे ऐकून यजमान अजून आशा धरून राहतो. ‘झोरे बोकू एमे व्हनीर’ म्हणजे ‘मला यायला फार आवडले असते’. या भूतकालीन संकेतार्थी रूपात ओढही आहे आणि दार बंद झाल्याची सूचनाही. पुढे ‘मालरझमाँ’ (दुर्दैवाने) आणि साधा भविष्यकाळ, ‘झ न पूरे पा व्हनीर’ (मला येता येणार नाही), एवढे म्हटले की कोणताही संभ्रम उरत नाही. मराठीत ‘आले असते’, ‘आवडले असते’ ही रूपे रोजच्या बोलण्यातली असल्याने मराठी भाषकाला हा काळ समजायला जड जात नाही. त्याची अडचण वेगळी असते. ‘बघतो, जमलं तर येतो’ हा आपल्याकडचा सौम्य नकार शब्दशः फ्रेंचमध्ये नेला, तर यजमान ते शक्यता म्हणून ऐकतो आणि एक खुर्ची राखून ठेवतो.

कारण एकच आणि थोडक्यात द्यावे. ‘झ स्वी देझा प्री’ (माझे आधीच ठरले आहे) हे जेवणाच्या बोलावण्याला पुरेसे उत्तर आहे. स्त्री बोलत असेल तर शेवटचा शब्द ‘प्रीझ’ होतो. कुठे ठरले आहे, कोणाकडे, हे सांगण्याची अपेक्षा नसते. औपचारिक पत्रात ‘आँपेश्माँ’ म्हणजे अचानक उद्भवलेली अडचण हा एकच शब्द चालतो आणि तिचा तपशील विचारणे असभ्य मानले जाते. तीन कारणे एकापुढे एक मांडली की तिन्ही सबबी वाटू लागतात. माफीचेही तसेच. ‘देझोले’ एकदा म्हणावे. दर वाक्यात आले तर यजमानालाच आपली समजूत काढावी लागते.

परिषदेच्या पत्रात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे कशाला नकार देतो आहोत हे नेमके सांगणे. ‘कोंफेराँस’ हा शब्द फ्रेंचमध्ये बहुधा एका वक्त्याच्या व्याख्यानासाठी येतो. विद्वानांच्या चर्चासत्राला ‘कोलोक’, मोठ्या व्यावसायिक संमेलनाला ‘कोंग्रे’ आणि एक दिवसाच्या अभ्याससत्राला ‘झुर्ने देत्यूद’ म्हणतात. निमंत्रणात जो शब्द असेल तोच उत्तरात वापरावा.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या एका संशोधिकेला लिओंच्या विद्यापीठातून ऑक्टोबरमधल्या कोलोकमध्ये निबंध वाचण्याचे बोलावणे आले आहे. त्याच आठवड्यात तिच्याकडे परीक्षांचे काम आहे. बोलावणाऱ्या प्राध्यापिकेशी तिची ओळख जुजबी, म्हणून संबोधन ‘मादाम’ आणि सर्वनाम आदरार्थी ‘वू’. पहिले वाक्य आभाराचे, ‘झ वू रमर्सी व्हिव्हमाँ द वोत्र अँव्हितास्यों’. दुसऱ्यात ती लिहिते की या विषयावर बोलायला मिळाले असते तर आनंद झाला असता, ‘झोरे एते रावी’. स्त्री असल्याने ‘रावी’च्या शेवटी जास्तीचे एक अक्षर लिहावे लागते. ते उच्चारात ऐकू येत नाही, पण लेखनात सुटले तर लगेच दिसते. मग अडचण येते. त्या तारखांना पुण्यात परीक्षांच्या कामात गुंतल्यामुळे मला सहभागी होता येणार नाही, इतकेच.

चौथे वाक्य पत्राला वजन देते. ‘पुन्हा कधीतरी नक्की’ असे लिहिण्यापेक्षा ती काहीतरी हातात देते. याच विषयावर काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचे नाव ती सुचवते, त्याची संमती आधी घेऊन, आणि चर्चासत्राचे लेख पुस्तकरूपाने येणार असतील तर आपला लेख पाठवण्याची तयारी दाखवते. आयोजकांपुढे खरा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेतल्या रिकाम्या जागेचा असतो आणि या दोन ओळी त्यालाच हात घालतात. मात्र लेख देण्याचा इरादा नसेल तर ही ओळ मुळीच लिहू नये. आयोजक ते वचन समजून पुढे पाठपुरावा करतात.

समारोपात एक जुना सापळा आहे. ‘तुमच्या उत्तराची आशा करत, कृपया माझे अभिवादन स्वीकारावे’ अशा धर्तीचे वाक्य सर्रास दिसते, पण व्याकरणाचे जाणकार ते चूक मानतात. आशा करणारी मी आणि स्वीकारणारी ती, म्हणजे कर्ता बदलतो. ‘झ वू प्री दाग्रेए’ (आपण स्वीकारावे अशी मी विनंती करते) असे लिहिले की कर्ता एकच राहतो. सुरुवातीचे ‘मादाम’ या वाक्यातही पुन्हा यावे लागते. ईमेलमध्ये एवढे लांब वाक्य लागत नाही. ‘ब्यँ कोर्दियालमाँ’ पुरते. नुसते ‘कोर्दियालमाँ’ बऱ्याच फ्रेंच वाचकांना थोडे थंड वाटते, आणि नकाराच्या पत्रात तो थंडपणा जास्तच जाणवतो.

जेवणाच्या बाबतीत शब्दांपेक्षा वेळ महत्त्वाची. घरच्या जेवणाला बसण्याची जागा, पदार्थांचे प्रमाण, सोबतीला कोण हे सगळे पाहुण्यांच्या संख्येवर ठरते, म्हणून उशिरा आलेला गोड नकार लवकर आलेल्या साध्या नकारापेक्षा जास्त टोचतो. छापील निमंत्रणावरची आर. एस. व्ही. पी. ही अक्षरे ‘रेपोंदे सिल वू प्ले’ म्हणजे ‘कृपया उत्तर द्या’ या फ्रेंच वाक्याचीच आहेत आणि उत्तर नकारार्थी असले तरी ते द्यायचे असते. समोरासमोर बोलावणे आले तर नुसते ‘मेर्सी’ म्हणून थांबू नये. काही पुढे केले असता एकट्या ‘मेर्सी’चा अर्थ ‘नको’ असाही होतो, त्यामुळे होकार की नकार ते कळत नाही. मित्रमंडळींत मधला मार्गही आहे. ‘झ पासरे पूर ल देसेर’, म्हणजे जेवायला नाही पण गोडाच्या वेळी येऊन जाईन. हा अर्धा होकार खऱ्या अर्थाने स्वागतार्ह असतो, पण तो यजमानाशी जवळीक असेल तरच सुचवावा. मित्राला नकार देताना शेवटी ‘स ने क पार्ती रमीझ’ म्हणतात. खेळ पुढे ढकलला आहे, इतकेच, असा त्याचा आशय. औपचारिक पत्रात हा वाक्प्रचार सलगीचा वाटू शकतो.

नकार देण्यापूर्वी जेवण कोणत्या वेळचे हेही पाहावे. फ्रान्समध्ये ‘दिने’ रात्रीचे. क्वेबेक, बेल्जियम आणि फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये ‘दिने’ दुपारचे असते आणि रात्रीच्या जेवणाला ‘सूपे’ म्हणतात. क्वेबेकमधल्या माँत्रेआलहून आलेल्या ‘दिने’ला ‘त्या संध्याकाळी मी गुंतलो आहे’ असे कळवले तर यजमानाला ते कारण कळणारच नाही.

फ्रेंच शिकणाऱ्यांना हा प्रकार लवकरच भेटतो. देल्फ परीक्षेच्या ए२ पातळीवरच्या लेखनात आलेल्या पत्राला सुमारे 60 शब्दांत उत्तर द्यावे लागते. त्यात आभार, माफी, निमंत्रण अशा क्रियांची परीक्षा असते. मात्र एकदा होकार देऊन नंतर मागे फिरण्याची वेळ आली, तर यांतले कोणतेही साचेबंद वाक्य पुरत नाही. तेव्हा फोन करावा, कारण नेहमीपेक्षा थोडे अधिक मोकळेपणाने सांगावे, आणि जेवण ठरलेले असेल तर यजमानाकडे फुले पाठवण्याची जुनी रीत आजही वावगी ठरत नाही.