भाव हलला नाही आणि सौदाच झाला नाही

गेल्या आठवड्यात भाच्यानं एका छोट्या शेअरच्या चार्टचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "मामा, आरएसआय 79 झालाय, विकून टाकू का?" आरएसआय म्हणजे अलीकडच्या वाढी-घटीवरून 0 ते 100 मध्ये निघणारा आकडा; 70 च्या वर गेला की शेअर जास्तच चढलाय असं मानतात. चार्ट पाच मिनिटांच्या कँडलचा होता, म्हणजे दर पाच मिनिटांच्या भावांची एक पट्टी. अडीच तास एक सरळ आडवी रेघ आणि शेवटी एक उंच हिरवी उडी. मी विचारलं, "व्हॉल्यूम किती आहे?" उत्तर आलं, "दहा."

दहा हजार नव्हे, दहा लाख नव्हे. दहा शेअर.

चार्टवरची आडवी रेघ दोन अगदी वेगळ्या कारणांनी येते. एक म्हणजे शेअर शांत आहे: सौदे होतायत, पण भाव आहे तिथेच आहे. दुसरं म्हणजे शेअर गप्प आहे: सौदाच झालेला नाही, म्हणून चार्टनं जुनाच भाव पुढे ओढलाय. लासलगावला लिलाव बंद असेल त्या दिवशी कांद्याचा भाव स्थिर होता असं कोणी म्हणत नाही, भावच निघाला नाही असं म्हणतात. शेअरच्या चार्टवर मात्र हा फरक दिसत नाही, आणि आरएसआयसारख्या इंडिकेटरला तर तो कळतच नाही. त्याच्या हातात फक्त कँडलचा बंद भाव पडतो.

दोन शेअर शेजारी ठेवून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण छोट्या शेअरच्या डेप्थमध्ये, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या थांबलेल्या ऑर्डरच्या यादीत, असं चित्र रोज दिसतं.

शांत शेअरमध्ये घेणारा 83.00 ला उभा आहे आणि विकणारा 83.05 ला. प्रत्येक पाच मिनिटांत शेकडो सौदे होतात. एका कँडलला भाव 10 पैसे वर, पुढच्या कँडलला 10 पैसे खाली, असं चाललंय. गप्प शेअरमध्ये घेणारा 82.00 ला 150 शेअर मागतोय, विकणारा 84.00 ला 40 शेअर द्यायला तयार आहे, आणि मधल्या दोन रुपयांत कोणीच नाही. शेवटचा सौदा सकाळी 82 ला झाला होता. त्यानंतर 30 कँडल, म्हणजे अडीच तास, शुकशुकाट.

आता दोन्हीकडे एका कँडलमध्ये भाव दोन रुपयांनी वाढतो. आरएसआय काय म्हणेल?

त्यासाठी त्याचं पोट उघडून बघावं लागतं. वेल्स वाइल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेलं हे गणित तसं साधं आहे. वाढीची एक सरासरी, घटीची एक सरासरी, आणि प्रत्येक नव्या कँडलला जुन्या सरासरीचे 13 भाग अधिक नव्या बदलाचा एक भाग:

```
AvgGain = (AvgGain_prev * 13 + Gain) / 14
AvgLoss = (AvgLoss_prev * 13 + Loss) / 14
RSI = 100 * AvgGain / (AvgGain + AvgLoss)
```

बदल शून्य असलेली कँडल आली की दोन्ही सरासऱ्या 13/14 पटीनं आक्रसतात. दोन्ही सारख्याच प्रमाणात आक्रसतात, त्यामुळे आरएसआय जिथे होता तिथेच गोठून राहतो. स्क्रीनवर 50 असेल तर अडीच तासांनीही 50. वरवर पाहता सगळं ठीक आहे. पण आतून दोन्ही सरासऱ्या झिजत चाललेल्या असतात. सुरुवातीला दोन्ही 50 पैसे धरल्या, तर 30 रिकाम्या कँडलनंतर त्या जेमतेम साडेपाच पैशांवर येतात. आणि मग 82 नंतर 84 चा सौदा होतो. दोन रुपयांचा चौदावा भाग सुमारे 14 पैसे. साडेपाच पैशांपुढे ही रक्कम दांडगी ठरते आणि आरएसआय 50 वरून थेट 79 वर जातो. शेअर पाच तास गप्प राहिला असता, तर याच एका सौद्यानं तो 96 झाला असता.

शांत शेअरचीही सुरुवात तिथूनच धरू. त्याच्याही सरासऱ्या उतरतात, पण दर कँडलची 10 पैशांची वर-खाली त्यांना तग धरायला लावते. तिथे दोन रुपये वाढल्यावर आरएसआय 70 च्या थोडा वर जातो. म्हणजे गंमत अशी की खोटा इशारा खऱ्यापेक्षा जोरकस दिसतो.

गणित दोन्हीकडे तेच आहे, अर्थ मात्र दोन टोकांचा. शांत शेअरमध्ये 83 वरून 85 ला जायचं तर मधल्या प्रत्येक भावावर उभे असलेले विकणारे संपावे लागतात. कोणीतरी खरे पैसे ओतलेत, आणि नेहमीच्या 10 पैशांच्या वीसपट हालचाल झालीय. ती बातमी आहे. गप्प शेअरमध्ये कोणीतरी 84 ला दहा शेअर उचलले, 840 रुपयांचे. घेणारा अजून 82 लाच आहे, विकणारा अजून 84 लाच. भाव हललाच नाही. सकाळचा सौदा घेणाऱ्याच्या भावाला झाला होता, हा विकणाऱ्याच्या भावाला झाला, इतकंच. पुढच्याच कँडलला कोणी दहा शेअर 82 ला विकले, तर आरएसआय पुन्हा 49. दोन्ही बाजूंच्या ऑर्डर तसूभर सरकल्या नाहीत, आणि इंडिकेटर मात्र 50, 79, 49 असा फिरून आला.

बोलिंजर बँडची तर याहून मजा. बँड म्हणजे सरासरी भावाच्या वर-खाली ठरावीक प्रमाण विचलनांवर काढलेल्या दोन रेषा. वीस कँडलच्या बँडमध्ये 19 कँडल एकाच भावाच्या असतील, तर विसावा सौदा कितीही छोट्या फरकानं होवो, तो सरासरीपासून 4.36 प्रमाण विचलन दूर पडतो. फरक दोन रुपयांचा असो की एका पैशाचा, आकडा तोच, कारण विचलनही त्याच एका कँडलमधून मोजलेलं असतं. नेहमीचा बँड दोन विचलनांचा, म्हणजे भाव बँडबाहेर पडणं, ब्रेकआउट, ठरलेलाच. "बँड आवळला, आता मोठी चाल येणार" हे शांत शेअरबाबत ऐकण्यासारखं असेलही. गप्प शेअरमध्ये बँड आवळला याचा अर्थ लोक जेवायला गेलेत.

खरं नुकसान पुढे होतं, जेव्हा माणूस यावर बॅकटेस्ट करतो, म्हणजे एखादा नियम जुन्या भावांवर चालवून नफा मोजतो. नियम साधाच धरू: आरएसआय 30 च्या खाली गेला की घ्या, 70 च्या वर गेला की विका. समजा, गप्प शेअर 84 ला थांबलाय, सरासऱ्या वरच्यासारख्याच झिजल्यात, आणि अडीच तासांनी 82 ला एक सौदा पडतो. आरएसआय 21. बॅकटेस्ट 82 ला खरेदी नोंदवते. पुन्हा अडीच तासांची शांतता, मग 84 ला सौदा, आरएसआय 88. बॅकटेस्ट 84 ला विकते. दोन रुपये नफा, जवळपास अडीच टक्के, आणि हे महिनाभर होत राहिलं तर नफ्याचा आलेख जिन्यासारखा चढतो. असा आलेख पाहून भुललेले लोक मी पाहिलेत. खोटं कशाला सांगू, मीही भुललोय.

प्रत्यक्षात काय होतं? आरएसआय 21 झाला तोच मुळी शेवटचा सौदा घेणाऱ्याच्या भावाला झाला म्हणून. आता मला घ्यायचं तर समोर विकणारा 84 ला उभा आहे. मी 84 देतो. आरएसआय 88 होतो तेव्हा मला विकायचं असतं, आणि समोर घेणारा 82 ला. कागदावर दोन रुपये नफा, हातात दोन रुपये तोटा, वर एसटीटी हा सौद्यावरचा कर आणि दलाली. सौदा एकच, फरक चार रुपयांचा. त्या बॅकटेस्टनं बाजाराची चाल पकडलेली नसते, तिनं स्प्रेड, म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्या भावांतलं अंतर, मोजलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, मग मी 82 लाच लिमिट ऑर्डर लावून बसतो. बसता येईल. पण पुढे 150 शेअरची रांग आहे, आणि आपला नंबर बहुधा तेव्हाच लागतो जेव्हा कोणीतरी घाईनं मोठा माल ओततो. तेव्हा 82 हा भाव स्वस्त राहिलेला नसतो.

शांत आणि गप्प यांतला फरक ओळखायला इंडिकेटर बाजूला ठेवून तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली, डेप्थमधलं अंतर आणि भावाची उडी यांची तुलना. गप्प शेअरमध्ये बहुतेक उड्या बरोबर स्प्रेडएवढ्या असतात, दोन रुपयांचं अंतर आणि दोन रुपयांचीच उडी. दुसरी, भावांची लय. 82, 84, 82, 84, 84, 82 असे तेच दोन आकडे आलटून पालटून येत असतील, तर ती चाल नव्हे, दोन भावांमध्ये चेंडूसारखा पडणारा नुसता टप्पा आहे. वाढीनंतर घट आणि घटीनंतर वाढ येण्याच्या याच लकबीवरून स्प्रेडचा अंदाज बांधता येतो, हे रिचर्ड रोल यांनी 1984 मध्ये दाखवलं. तिसरी, सौद्यांची संख्या. एनएसईच्या रोजच्या सविस्तर भावकॉपीत, म्हणजे दिवसाच्या भावांच्या फाइलीत, `NO_OF_TRADES` हा रकाना असतो. व्हॉल्यूमपेक्षा मला तो जास्त उपयोगी वाटतो, कारण पाच हजार शेअरचा एकच सौदा व्हॉल्यूममध्ये भारदस्त दिसतो.

चार्ट कुठला आहे यावरही थोडं अवलंबून आहे. काही चार्ट रिकाम्या वेळेत मागचाच भाव भरतात, काही ती कँडल गाळून टाकतात. गाळली की 14 कँडल म्हणजे 70 मिनिटं राहत नाहीत, कदाचित दोन दिवस होतात, पण 82-84 अशी उडी मारणारी लय तशीच राहते. चार्टच्या खालच्या वेळा वाचल्या की कळतं: 10:15 च्या शेजारी 10:40 असेल, तर मधल्या कँडल गाळल्यात.

दिवसाच्या कँडलवर गेलं तर त्रास कमी होतो, संपत नाही. छोट्या शेअरचा बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांचा भारित सरासरी भाव असतो. त्या अर्ध्या तासात सौदाच नसेल, तर दिवसाचा शेवटचा सौदा बंद भाव म्हणून धरतात, मग तो सकाळी अकराचा का असेना. आठवड्याची कँडल बरी, पण तिथेही स्प्रेड आठवड्याच्या चालीएवढाच असेल, तर हाती काही लागत नाही.

सगळ्यात टोकाचं उदाहरण पीरिऑडिक कॉल ऑक्शनमधल्या शेअरचं. सेबीनं 2013 मध्ये ही पद्धत आणली तेव्हा तिमाहीत रोजची सरासरी उलाढाल 10 हजार शेअरपेक्षा कमी आणि सौदे सरासरी 50 पेक्षा कमी, हे निकष होते. तिथे सलग व्यवहार नसतातच. तासातासाची सत्रं, प्रत्येकात आधी ऑर्डर गोळा करायच्या आणि मग एकाच भावाला जुळवायच्या. दिवसाला अशी सहा सत्रं. म्हणजे पाच मिनिटांच्या चार्टवर 75 जागा असल्या तरी भाव निघण्याच्या संधी सहाच, आणि तरीही लोक त्यावर मूव्हिंग अ‍ॅव्हरेजचे क्रॉसओव्हर, म्हणजे सरासरीच्या रेषा एकमेकींना छेदतात त्या जागा, शोधतात.

भाच्याला मी एवढं सगळं सांगितलं नाही. "डेप्थचा फोटो पाठव," म्हटलं. घेणारा 82 ला, विकणारा 84 ला. मग त्याला विचारलं, तू विकायला गेलास तर कितीला विकला जाईल? थोड्या वेळानं उत्तर आलं, "बापरे, 82 ला. म्हणजे वाढलाच नाही की तो."

त्यानंतर पाच मिनिटांनी आणखी एक मेसेज: "मामा, पण मग त्या दहा शेअर घेणाऱ्यानं 84 का दिले?" ते मला तरी काय माहीत!