शेवटच्या गाडीचा नंबर : तोकड्या नेटपॅकवर फोटोंची लांब यादी कशी वाहती ठेवावी

यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या शेतकरी गटासाठी आम्ही मोबाइलवरचे एक साधे ॲप चालवतो. पऱ्हाटीच्या बोंडात अळी दिसली, तुरीवर मर आली किंवा बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली, की कोणीतरी फोटो काढून दोन ओळी लिहितो आणि ती नोंद सर्वांच्या यादीत सर्वांत वर येते. नोंदी वाढत गेल्या तशी यादी खाली सरकवताना अडखळू लागली आणि एका शेतकऱ्याने सांगितले, ‘‘भाऊ, कालचेच फोटो आज पुन्हा उतरून राह्यले, नेट तर दुपारीच संपते.’’ या एका वाक्यात दोन वेगळ्या तक्रारी होत्या. यादीत त्याच त्या नोंदी पुन्हा दिसत होत्या आणि एकदा पाहिलेला फोटो फोन पुन्हा मागवत होता. दोन्हींच्या मुळाशी एकच चूक होती, हे शोध घेताना लक्षात आले, आणि ती चूक कशी घडते हे समजावे यासाठी हा लेख आहे.

आधी यादीचा विचार करू. हजारो नोंदी एकदम पाठवणे शक्य नसते, म्हणून सर्व्हर वीस-वीस नोंदींची पाने करून देतो. पाने करण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे वरून मोजणे: पहिल्या वीस द्या, मग पहिल्या वीस सोडून पुढच्या वीस द्या, मग चाळीस सोडून पुढच्या वीस द्या. कापसाच्या हंगामात जिनिंगसमोर गाड्यांची रांग लागते, ती डोळ्यांसमोर आणा. एक माणूस रांगेच्या शेवटापासून वीस गाड्या मोजतो, चहा घेऊन येतो आणि पुन्हा शेवटापासून मोजत एकविसाव्या गाडीवर जाऊन उभा राहतो. मधल्या काळात मागे सात नव्या गाड्या लागल्या असतील, तर त्याने आधी मोजलेल्या सात गाड्या त्याच्या हिशेबात दुसऱ्यांदा येतात. आमच्या यादीतही हेच होत होते. सकाळी सात वाजता कोणी पहिले पान उघडले आणि तो वाचत असताना सात नव्या नोंदी आल्या, तर दुसऱ्या पानावरच्या पहिल्या सात नोंदी त्याने आधीच पाहिलेल्या असत.

याची दुसरी बाजू अधिक वाईट आहे, कारण ती दिसत नाही. पहिल्या पानावरच्या सात नोंदी मधल्या वेळेत कोणी काढून टाकल्या, तर खालच्या नोंदी वर सरकतात आणि त्यांतल्या सात नोंदी दोन पानांच्या फटीत पडून वाचकाला कधीच दिसत नाहीत. पुन्हा दिसलेल्या नोंदीची तक्रार येते. न दिसलेल्या नोंदीची तक्रार कोण करणार? त्या सातांत बोंडअळीचा इशारा असू शकतो.

यावर उपाय गाडी मोजण्याचा नसून गाडी ओळखण्याचा आहे. चहाला जाण्यापूर्वी शेवटी मोजलेल्या गाडीचा एम. एच. 29 पासून सुरू होणारा नंबर वहीत लिहून ठेवला, की मागे कितीही गाड्या लागल्या तरी त्या नंबराच्या पुढच्या गाडीपासून काम सुरू करता येते. संगणकाच्या भाषेत या खुणेला कर्सर म्हणतात. फोन सर्व्हरला ‘दुसरे पान द्या’ असे न म्हणता ‘या नोंदीनंतरच्या वीस द्या’ असे म्हणतो. आमच्याकडे ती मागणी अशी दिसते:

```sql
SELECT id, created_at, photo_id, width, height, caption
FROM posts
WHERE (created_at, id) < ($1, $2)
ORDER BY created_at DESC, id DESC
LIMIT 21;
```

यात दोन गोष्टी जाणीवपूर्वक केल्या आहेत. वीस हव्या असताना एकवीस मागितल्या आहेत, कारण एकविसावी आली तर पुढे आणखी नोंदी आहेत हे वेगळा प्रश्न न विचारता कळते. ती एकविसावी नोंद वाचकाला दाखवायची नसते. दुसरी गोष्ट म्हणजे खूण केवळ वेळेची नसून वेळ आणि क्रमांक यांची जोडी आहे. केवळ वेळ पुरेशी असेल असे आम्हीही सुरुवातीला धरले होते. परंतु शेतात रेंज नसते. दिवसभरातल्या नोंदी फोनमध्ये साठून राहतात आणि संध्याकाळी माणूस गावात परतला, की त्या एकदम सर्व्हरवर चढतात. आमचा सर्व्हर त्या सर्व नोंदी एकाच व्यवहारात लिहीत असे, आणि पोस्टग्रेस या डेटाबेसमधील `now()` एका व्यवहारात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेळ सांगतो. त्यामुळे एकाच माणसाच्या नऊ नोंदींवर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत तीच वेळ पडली. त्यांतल्या चार नोंदी पहिल्या पानाच्या तळाशी बसल्या, ‘या वेळेच्या आधीच्या नोंदी द्या’ अशी मागणी गेली आणि उरलेल्या पाच नोंदी गळाल्या. जोडी करून क्रमांकाचीही तुलना केली, की अशी बरोबरी सुटते. या दोन रकान्यांवर मिळून एक अनुक्रमणिका ठेवली तर डेटाबेस थेट त्या जागी पोहोचतो. मोजण्याच्या पद्धतीत मात्र दोन हजार नोंदी सोडायच्या असतील तर त्या सगळ्या आधी वाचून टाकून द्याव्या लागतात.

कर्सरच्या मर्यादाही आहेत. थेट पन्नासाव्या पानावर उडी मारता येत नाही, आणि पसंतीच्या आकड्यासारख्या सतत बदलणाऱ्या गोष्टीवर क्रम लावला असेल तर खूण स्वतःच जागा बदलते. नव्यापासून जुन्याकडे जाणाऱ्या यादीला या दोन्हींचा त्रास होत नाही.

आता फोटोंकडे वळू, कारण डेटा खरा तिथेच जातो. वीस नोंदींचा मजकूर सुमारे दहा किलोबाइटमध्ये मावतो. फोनच्या कॅमेऱ्याने काढलेला 4000 × 3000 बिंदूंचा एक फोटो मात्र साडेतीन मेगाबाइटच्या आसपास असतो. वीस मूळ फोटो पाठवले तर 70 मेगाबाइट होतात, आणि सेकंदाला एक मेगाबिटच्या वेगाने ते उतरायला नऊ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. वाचणाऱ्याचा पडदा 720 बिंदू रुंद असेल, तर 720 × 540 आकाराची, वेबपी स्वरूपातली सुमारे 45 किलोबाइटची प्रत पुरते. तेच पान मग 900 किलोबाइटचे होते आणि त्याच वेगाने सात-आठ सेकंदांत येते. बोंडातली अळी जवळून पाहायची असेल, तर फोटोवर बोट टेकवल्यावर मोठी प्रत मागवावी.

अडखळण्याचे कारणही याच आकारात दडलेले आहे. फाइल दाबलेली असते; पडद्यावर आणताना ती उलगडावी लागते आणि प्रत्येक बिंदूला साधारणपणे चार बाइट लागतात. म्हणजे मूळ फोटो स्मृतीत 48 मेगाबाइट जागा घेतो, तर लहान प्रत केवळ दीड. सेकंदाला साठ चित्रे बदलणाऱ्या पडद्याला प्रत्येक चित्रासाठी जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात काम झाले नाही तर बोट पुढे जाते आणि यादी मागे राहते. ॲप बनवताना वापरल्या जाणाऱ्या अनेक लायब्ऱ्या मोठा फोटो फोनमध्येच लहान करून स्मृती वाचवतात, त्यामुळे यादी गुळगुळीत सरकू लागते आणि प्रश्न सुटला असे वाटते. प्रत्यक्षात साडेतीन मेगाबाइट तोवर उतरलेले असतात. म्हणून फोटो लहान करण्याचे काम सर्व्हरवरच व्हायला हवे.

मागणीत `width` आणि `height` का घेतले आहेत, तेही इथेच सांगतो. फोटोचे माप मजकुरासोबत आधी पोहोचले, तर फोन तेवढी जागा रिकामी राखून ठेवतो. तसे न केल्यास प्रत्येक फोटो आला की खालचा मजकूर उडी मारतो आणि वाचकाचे बोट भलत्याच नोंदीवर पडते.

यानंतरही ‘कालचेच फोटो’ ही तक्रार उरली होती. एकदा उतरवलेला फोटो फोनवर जपून ठेवण्याच्या सोयीला कॅशे म्हणतात, आणि ती आमच्या ॲपमध्ये पहिल्या दिवसापासून होती. तरीही सर्व्हरच्या नोंदवहीत एकाच फोनकडून 4127 क्रमांकाचा फोटो दिवसातून पाच वेळा मागितलेला दिसला. दोन मागण्या शेजारी ठेवल्यावर कारण उघड झाले:

```
https://img.example.com/p/4127.webp?exp=1730000000&sig=9c1e
https://img.example.com/p/4127.webp?exp=1730003600&sig=b07d
```

फोटो तोच, परंतु पत्त्याच्या शेवटी मुदत आणि सही प्रत्येक वेळी नवी. कॅशे फोटोला त्याच्या पूर्ण पत्त्यावरून ओळखतो. पत्ता बदलला की त्याच्या दृष्टीने तो नवा फोटो असतो. यादीत नोंदीला जागेवरून ओळखण्याची जी चूक झाली होती, तीच इथे पत्त्याच्या रूपाने झाली होती, म्हणून उपायही तोच ठरला: फोटोला कायमचे नाव द्यावे. फाइलच्या आशयावरून काढलेला आकडाच आम्ही तिचे नाव केला. फोटो बदलला तर नाव आपोआप बदलते आणि जुन्या नावाखाली नवा फोटो येण्याची शक्यता उरत नाही. त्यामुळे सर्व्हर निश्चिंतपणे असे सांगू शकतो:

```
Cache-Control: public, max-age=31536000, immutable
```

हा आकडा म्हणजे एका वर्षाचे सेकंद. तेवढा काळ फोनने सर्व्हरला विचारण्याचीही गरज नाही. `immutable` हा शब्द सगळे प्रोग्राम पाळत नाहीत. खरे काम `max-age` करतो. मुदत थोडी ठेवली तर फोन ‘फोटो बदलला का?’ असे विचारतो आणि सर्व्हर 304 असे उत्तर देतो. त्यात फोटो पुन्हा येत नाही, पण विचारण्याची फेरी होतेच, आणि रेंज एका रेघेवर असताना अशा वीस फेऱ्या चांगल्याच जाणवतात. फोटो खाजगी असल्यामुळे सहीचा पत्ता टाळता येत नसेल, तर ॲपमध्ये कॅशेची किल्ली म्हणून पूर्ण पत्ता न वापरता फोटोचा क्रमांक वापरावा.

कॅशेला आम्ही 100 मेगाबाइटची मर्यादा घातली आहे. त्यात साधारण बावीसशे लहान फोटो मावतात, आणि जागा भरली की ज्याकडे सर्वाधिक काळ कोणी पाहिले नाही तो फोटो आधी जातो. पुढचे वीस नोंदींचे पान, मजकूर हलका असल्यामुळे, शेवटच्या पाच नोंदी उरल्या असतानाच मागवले जाते. फोटो मात्र पुढच्या दोन-तीन नोंदींचेच मागवले जातात. बोट वेगाने फिरत असताना मागे पडलेल्या फोटोंची मागणी रद्द केली जाते, कारण न पाहिलेल्या फोटोवर गेलेला डेटा परत मिळत नाही. आता सकाळी वीस नोंदी वाचलेला माणूस संध्याकाळी ॲप उघडतो आणि तीन नव्या नोंदी आलेल्या असतात, तेव्हा तीन फोटोंचे 135 किलोबाइट आणि थोडासा मजकूर एवढेच उतरते.

एक गोष्ट आम्ही कॅशेच्या जागेतून मुद्दाम बाहेर काढली. फोनची साठवण भरत आली की अँड्रॉइड ॲपच्या कॅशेच्या फोल्डरमधील फाइली स्वतःहून पुसू शकतो, आणि सेटिंगमधील `Clear cache` हे बटण तर अनेक जण नियमाने दाबतात. उतरवलेला फोटो गेला तर तो पुन्हा मिळतो. परंतु शेतात काढलेला आणि रेंजअभावी अजून वर न चढलेला फोटो सर्व्हरवर नसतो. तो आम्ही ॲपच्या कायमच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि सर्व्हरची पोच आल्याशिवाय तेथून हलवत नाही.

प्रत्येक नव्या आवृत्तीची तपासणी आम्ही फोन विमान मोडवर टाकून करतो. चाळीस नोंदी खाली जाईपर्यंत यादी सरकवायची, नेट बंद करायचे, ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे आणि पुन्हा चाळिसाव्या नोंदीपर्यंत जायचे. मधला एखादा चौकोन रिकामा दिसला, तर त्या फोटोचे नाव कुठेतरी बदलले आहे असे समजून आम्ही सर्व्हरची नोंदवही उघडतो.